सोलर बॅकअपसाठी लिथियम फॉस्फेट की लेड ॲसिड: रोजच्या वापराचा हिशोब

प्रश्न: घरी १ किलोवॅटची पॅनल्स, २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. चार वर्षं झाली, आता रात्री अडीच-तीन तासांतच इन्व्हर्टर बोंब मारायला लागतो. रोज रात्री साधारण अडीचशे वॅटचा लोड सात-आठ तास बॅटरीवरच असतो. दुकानदार म्हणतो १०० एएचची लिथियम फॉस्फेट घ्या, ती तुमच्या १५० च्या बरोबरीची आहे. हे खरं आहे का, आणि हाच इन्व्हर्टर चालेल का?

उत्तर:

रोज रात्री बॅटरीवरच घर चालवणार असाल तर लिथियम फॉस्फेट घ्या, पण १०० ची नको, १५० ची घ्या. दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. आणि इन्व्हर्टर चालेल की नाही हे त्याचे चार्जिंगचे व्होल्टेज हाताने बदलता येतात का यावर ठरतं, ते खाली सांगतो कारण तिथेच जास्त लोक फसतात.

आधी तुमच्या आताच्या बॅटऱ्या का मेल्या ते बघू, कारण ते कळलं की बाकीची तुलना आपोआप होते. बहुतेकांना वाटतं बॅटरी "जुनी झाली" म्हणून गेली, पण ट्युब्युलर ही लेड ॲसिडचीच एक जात, आणि चांगली ट्युब्युलर नीट वापरली तर चार वर्षांत इतकी खाली येत नाही. माझा अंदाज असा आहे की तुमच्या बॅटऱ्या गेली दोनेक वर्षं कधीच पूर्ण भरल्या नसतील. आणि सोलरवर रोज चालणाऱ्या लेड ॲसिडचं हेच नेहमीचं दुखणं आहे.

हिशोब करून बघा. २५० वॅट गुणिले ८ तास म्हणजे २ युनिट. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, काही वीज बदलताना वाया जाते, त्यामुळे बॅटरीतून साधारण २.३ युनिट निघतात. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून कागदावर २४ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे ३.६ युनिट. म्हणजे रोज रात्री तुम्ही जवळपास ६४ टक्के रिकामी करताय. हे ट्युब्युलरसाठी जास्तच आहे पण एकट्या याने मरत नाही ती, खरी अडचण सकाळी सुरू होते.

लेड ॲसिडमधून काढलेलं सगळं तेवढ्यालाच परत भरता येत नाही. ९६ एएच काढले तर ११०-११५ एएच टाकावे लागतात, शिवाय चार्जिंगचा व्होल्टेज डिस्चार्जपेक्षा बराच वर असतो, त्यामुळे युनिटमध्ये बोलायचं तर २.३ काढून भरायला साधारण ३.१ युनिट लागतात. १ किलोवॅटची पॅनल्स, धूळ आणि उन्हाची गरमी धरून, चांगल्या स्वच्छ दिवशी बॅटरीच्या बाजूला ४ युनिटच्या आसपास देतील. त्यातून दिवसाचा घरातला लोड १ युनिट धरला तर उरले ३. लागतात ३.१. म्हणजे उत्तम दिवशीसुद्धा काठावर, आणि ढग आले की तुटवडा.

पण नुसत्या युनिटचा तुटवडा असता तर जास्त पॅनल लावून भागलं असतं. लेड ॲसिडला वेळही लागतो, आणि वेळ काही पॅनल वाढवून विकत मिळत नाही. या बॅटरीला साधारण तिच्या एएचच्या दहाव्या भागाने चार्ज करायचं असतं, १५ अँपिअर, फार तर २० पर्यंत. ३६ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर यायला २० अँपिअरने जवळजवळ चार तास जातात. इथपर्यंत ठीक. मग बॅटरीचा व्होल्टेज चार्जरच्या ठरवलेल्या मर्यादेला जाऊन टेकतो, २४ व्होल्टच्या सिस्टिमला साधारण २८.८, आणि त्यानंतर करंट हळूहळू कमी कमी होत जातो, कारण प्लेटच्या आतल्या भागात ॲसिड पोचायला आणि उरलेलं सल्फेट विरघळायला वेळ लागतोच. शेवटचे १५ टक्के भरायला आणखी तीन-चार तास. एकूण सात-आठ तास झाले. चांगलं तापलेलं ऊन दिवसाला पाच-सहा तास. बसत नाही ना? वर त्या शेवटच्या तासांत बॅटरी फारसा करंट घेत नाही, म्हणजे पॅनल वीज द्यायला तयार आहे आणि घ्यायला कोणी नाही, ती वीजही फुकट जाते.

मग होतं काय, संध्याकाळी बॅटरी ९० टक्क्यांवर असते, इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर मात्र फुल दाखवते कारण तो चार्जिंग चालू असतानाचा व्होल्टेज बघतो. रात्री परत ६४ टक्के काढले. दुसऱ्या दिवशी ८८ पर्यंत भरली. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं, ताजं असताना ते बारीक कणांचं असतं आणि चार्जिंगमध्ये सहज विरघळतं. पण जे दिवसेंदिवस विरघळायचं राहून जातं त्याचे कण मोठे आणि कडक होतात आणि मग ते साध्या चार्जिंगने परत येत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. यालाच सल्फेशन म्हणतात. शिवाय बॅटरी नीट उकळून, म्हणजे आत बुडबुडे येईपर्यंत, भरली गेली नाही की जड ॲसिड तळाला बसतं आणि वर पाण्यासारखं पातळ राहतं, त्यामुळे प्लेटचा खालचा भाग आधी जातो.

हे तुमच्याच बॅटरीत झालंय का ते पैसे खर्च करायच्या आधी तपासा, एक हायड्रोमीटर पुरतो. लागोपाठ दोन चांगले उन्हाचे दिवस जाऊ द्या, त्या दोन रात्री लोड बंद ठेवा, मग दुसऱ्या संध्याकाळी चार्जिंग थांबल्यावर तासाभराने बाराही सेलच्या ॲसिडची घनता मोजा. बॅटरीच्या लेबलवर फुल चार्जचा आकडा दिलेला असतो, ट्युब्युलरला बहुतेक १.२४० किंवा १.२५० असा. सगळेच सेल १.२०० च्या आसपास अडकलेले असतील तर सल्फेशन. अकरा सेल ठीक आणि एकच ३०-४० पॉइंटनी, म्हणजे ०.०३०-०.०४० ने, खाली असेल तर तो एक सेल गेलाय, मग ती एकच बॅटरी खराब आहे आणि दुसरी कदाचित बरी आहे (तरी जुन्या बॅटरीला नवीन जोडीदार देऊ नका, जुनी नवीनला लवकर खाली ओढते). नुकतंच पाणी टाकलं असेल तर त्या दिवशी मोजू नका, वरचं पातळ पाणीच येईल नळीत आणि आकडा खोटा दिसेल.

आता हेच घर, हीच पॅनल्स, आणि बॅटरी लिथियम फॉस्फेट. यातला एक सेल ३.२ व्होल्टचा, असे आठ सेल एकापुढे एक जोडले की २५.६ व्होल्ट. २.३ युनिट काढले तर परत भरायला साधारण २.४५ युनिट लागतात, ३.१ नाही. उरलेल्या ३ युनिटमध्ये ते आरामात बसतं, वर अर्धा युनिट शिल्लक. आणि वेळेचा प्रश्न जवळपास संपतो कारण ही बॅटरी शेवटच्या पाच टक्क्यांपर्यंत पूर्ण करंट घेत राहते. तुमची पॅनल्स जेवढं देतील तेवढं ती घेते, १५० एएचच्या पॅकला ३० अँपिअर म्हणजे काहीच नाही. दुपारी एक-दीडपर्यंत भरून मोकळी.

पण माझ्या मते खरा फरक यातही नाही. ढगाळ आठवडा आला आणि बॅटरी आठ दिवस ४० ते ६० टक्क्यांच्या मध्येच फिरत राहिली, तर लेड ॲसिडला तो आठवडा आयुष्यातून वजा होतो, आणि लिथियम फॉस्फेटला काहीही होत नाही. उलट अर्धी भरलेली राहणं तिला जास्त मानवतं, सतत काठोकाठ भरून गरम जागी पडून राहणं तिला आवडत नाही. सोलर म्हणजे कधी भरेल याची खात्री नसलेलं चार्जिंग, आणि अशा चार्जिंगला न रुसणारी बॅटरी ही आहे. लोक सायकलचे, म्हणजे बॅटरी किती वेळा काढून-भरून चालेल त्याचे, आकडे घेऊन भांडतात, अमुक हजार आणि तमुक हजार, पण ते आकडे प्रयोगशाळेत दर वेळी पूर्ण भरून काढलेले असतात. लेड ॲसिडचे कागदावरचे १२००-१५०० सायकल सोलरवर मिळतच नाहीत कारण ती अट पाळलीच जात नाही. लिथियम फॉस्फेटचे ३०००-६००० मिळण्याची शक्यता जास्त, कारण तिला ती अटच नाही.

आता १०० की १५० ते बोलू. दुकानदाराचं गणित असं असतं: लेड ॲसिडच्या ३.६ युनिटमधले शहाण्या माणसाने ६० टक्केच वापरावेत, म्हणजे २.२. १०० एएचच्या लिथियममध्ये २.५६ युनिट, त्यातले ९० टक्के वापरता येतात, म्हणजे २.३. झाली बरोबरी. आकडे बरोबर आहेत. फक्त तुम्हाला लागतात बरोब्बर २.३ आणि म्हणजे पहिल्याच दिवसापासून तुम्ही रोज तळापर्यंत जाणार, पाहुणे आले किंवा एक पंखा जास्त लागला की पहाटे अंधार. काही वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली (ती वाईट झाली असं नाही, एवढी घट धरूनच चालायचं) की तिच्यात २.०५ युनिटच राहतील आणि तुमची रात्र पुरी होणार नाही. १५० एएचमध्ये ३.८४ युनिट, रोज ६० टक्के वापर, ८० टक्क्यांवर आल्यावरही ३.०७ युनिट, म्हणजे तेव्हाही रात्र निघते.

लोड मोठा असेल तर दुकानदाराचं गणित मात्र लिथियमच्या बाजूने आणखी झुकतं हेही सांगायला हवं. तुमच्या बॅटरीवर सी१० असं लिहिलेलं असेल, त्याचा अर्थ १५० एएच हे १० तासांत सावकाश काढले तरच मिळतात, म्हणजे १५ अँपिअरने. तुमचा २५० वॅटचा लोड ११-१२ अँपिअर घेतो त्यामुळे तुम्हाला याचा फटका नाही. पण कोणी १ किलोवॅटचा पंप किंवा मिक्सर-इस्त्री असलं काही सलग चालवणार असेल तर करंट ४५-५० च्या घरात जातो आणि तेव्हा त्याच बॅटरीतून ११० च्या आतबाहेर एएच मिळतात, बाकीचे आत असूनही बाहेर येत नाहीत. लिथियम फॉस्फेटला या वेगाने काढल्याने फरक पडतो तो जेमतेम.

आता इन्व्हर्टर. इथे नीट लक्ष द्या कारण "फक्त बॅटरी बदला, बाकी काही करायचं नाही" असं सांगणारे खूप भेटतील.

लिथियम पॅकच्या आत बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवतं आणि एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर किंवा २.५ च्या खाली गेला, करंट जास्त झाला, फार गरम किंवा फार थंड झालं की बॅटरी सरळ तोडून टाकतं. हे शेवटचं संरक्षण आहे, रोज वापरायचं बटण नाही. रोजची मर्यादा इन्व्हर्टरनेच पाळली पाहिजे. आणि ट्युब्युलरच्या सेटिंगवर असलेला इन्व्हर्टर ती पाळत नाही.

ट्युब्युलरचं मुख्य चार्जिंग २८.८ व्होल्टला किंवा त्याच्याही थोडं वर असतं. आठ सेलमध्ये वाटलं तर ३.६ प्रत्येकी. सगळे सेल अगदी समान असतील तर चालून जाईल पण तसे ते नसतात, एक ३.५ वर असतो आणि एक ३.७ कडे पळतो, आणि बीएमएस तोडतं. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ठराविक दिवसांनी बॅटरी उकळवण्याचं चार्जिंग आपोआप चालू होतं, वर म्हटलं तसं ॲसिड ढवळायला आणि सल्फेट काढायला ते लेड ॲसिडला हवंच असतं, पण तेव्हा व्होल्टेज ३० च्या वर जातो. एका घरी मला याचसाठी बोलावलं होतं. तक्रार अशी की नवीन लिथियम लावल्यापासून भर दुपारी, चांगलं ऊन असताना, घरातली वीज झपकन जाते आणि परत येते, रात्री मात्र काही त्रास नाही. घरचे बॅटरीला शिव्या देत होते. बीएमएसच्या मोबाइल ॲपमध्ये बघितलं तर दर वेळी सेलचा व्होल्टेज जास्त झाल्याची नोंद. इन्व्हर्टर ट्युब्युलरवरच ठेवलेला होता. ऊन असताना बॅटरी तुटली की पॅनलचा चार्जर अचानक मोकळा होतो, त्याचा व्होल्टेज उसळतो आणि इन्व्हर्टर घाबरून बंद होतो. सेटिंग बदलल्यावर तक्रार बंद झाली, बॅटरीत काहीच बिघाड नव्हता.

तर २४ व्होल्टच्या आठ सेलच्या पॅकसाठी मी काय लावतो ते सांगतो. मुख्य चार्जिंग २८.० ते २८.४, तिथे अर्धा तास पुरे. फ्लोट, म्हणजे भरल्यानंतर धरून ठेवायचा व्होल्टेज, २७.० च्या आसपास. उकळवण्याचं चार्जिंग बंद, पूर्णपणे बंद. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय लेड ॲसिडसाठी असते, तीही बंद, नाहीतर थंडीत इन्व्हर्टर उगाच व्होल्टेज वाढवत बसतो. खालची मर्यादा २४ व्होल्ट. पॅकबरोबर आलेल्या कागदात वेगळे आकडे दिले असतील तर ते घ्या, वॉरंटी त्यावर असते.

खालच्या मर्यादेवर थोडं जास्त बोलतो. लेड ॲसिडचे इन्व्हर्टर साधारण २१ व्होल्टला बंद होतात. लिथियम पॅक २४ वर आला तेव्हाच तो जवळजवळ रिकामा झालेला असतो, २१ पर्यंत जाताना शेवटचा उतार कड्यासारखा आहे, एखादा अशक्त सेल २.५ च्या खाली घसरतो आणि इन्व्हर्टरच्या आधी बीएमएसच तोडतं. आता इन्व्हर्टरला बॅटरीच्या टोकांवर शून्य व्होल्ट दिसतात. सकाळी ऊन येतं, पॅनल तयार असतात, पण कित्येक सोलर चार्जरना सुरू व्हायलाच बॅटरीचा व्होल्टेज लागतो. चार्जर बॅटरीची वाट बघतो, बॅटरी चार्जरची. दिवसभर ऊन असून घर बंद. मग कोणीतरी येऊन बाहेरून थोडं चार्जिंग देऊन पॅक जागा करायचा. हे सगळं खालची मर्यादा २४ ठेवली की टळतं.

म्हणून तुमच्या इन्व्हर्टरच्या मेनूत जा आणि बघा, लिथियमचा पर्याय आहे का, किंवा निदान हे आकडे हाताने टाकता येतात का. नुसतं ट्युब्युलर, फ्लॅट आणि एसएमएफ असे तीनच पर्याय असतील तर एसएमएफवर, म्हणजे सीलबंद लेड ॲसिडच्या सेटिंगवर, चालवा म्हणून सांगतील, त्यात उकळवणं बहुतेक बंद असतं हे खरं, पण खालची मर्यादा तीच राहते. मी अशा इन्व्हर्टरवर लिथियम लावत नाही. मग एकतर इन्व्हर्टरही बदलायचा किंवा ट्युब्युलरच घ्यायची, आणि हा इन्व्हर्टरचा खर्च तुलनेत धरायचा.

अजून एक सवय बदलावी लागेल. इतकी वर्षं व्होल्ट बघून बॅटरी किती उरली ते कळायचं. लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट असतो, त्यामुळे जुन्या इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरच्या काड्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्के दाखवतं ते बरं असतं, पण फार दिवस पूर्ण चार्ज झाली नाही तर तो हिशोबही भरकटतो. ४० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडली तर बॅटरी खराब झाली असं लगेच समजू नका, आधी एकदा पूर्ण भरू द्या म्हणजे मोजणी १०० वर परत जुळते. पंधरा दिवसांतून एकदा तरी वरपर्यंत जाऊ द्यावी ती यासाठी, आणि सेल एकमेकांशी जुळवण्याचं कामही बहुतेक पॅकमध्ये वरच्या टोकालाच होतं. ॲपमध्ये भरत आल्यावर सेलमधला फरक बघत जा. ३०-४० मिलिव्होल्ट ठीक. दर वेळी तोच एक सेल बाकीच्यांच्या पुढे २०० मिलिव्होल्ट पळत असेल आणि आठवडाभरानेही सुधारत नसेल तर वॉरंटीत असतानाच तक्रार करा.

खरेदी करताना २५.६ व्होल्टचा एकच पॅक घ्या. १२.८ चे दोन घेऊन सिरीजमध्ये जोडायची लोकांना खोड असते, जुन्या बॅटऱ्या तशाच जोडलेल्या असतात म्हणून. दोघांची बीएमएस वेगळी, एकमेकांची खबर नसलेली, हळूहळू एक पुढे जातो एक मागे राहतो. आणि जुनी ट्युब्युलर फेकवत नाही म्हणून नवीन लिथियमला समांतर जोडून ठेवायची, हे तर करूच नका.

सुरक्षिततेचं थोडक्यात. मोबाइल आणि स्कूटरच्या आगी बघून लोक घाबरतात, त्यातल्या बऱ्याच वेगळ्या रसायनाच्या असतात. लिथियम फॉस्फेटमधलं लोह फॉस्फेटचं कॅथोड गरम झाल्यावर सहजासहजी ऑक्सिजन सोडत नाही म्हणून ती जास्त शांत आहे. अजिबात पेटत नाही असं मात्र नाही, सेल फुटला तर निघणारा वायू जळतो. लेड ॲसिडही काही साधुसंत नाही, चार्जिंग होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. माझी जास्त काळजी वेगळी आहे, लिथियम पॅकचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने शॉर्ट झाला तर करंट हजारो अँपिअरमध्ये जातो. पॅकच्या प्लसपासून शक्य तितक्या जवळ डीसी फ्यूज हवाच, आणि घरातला नेहमीचा एसी ब्रेकर तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. तुमचा इन्व्हर्टर १५०० वॅटचा असेल तर पूर्ण लोडला साधारण ७० अँपिअर खेचतो, फ्यूज १०० चा, केबल त्याला साजेशी जाड, आणि पॅकचं बीएमएस सलग १०० अँपिअरचं. बीएमएस ५० चं असेल तर पंप किंवा फ्रिज सुरू होतानाच तोडेल, स्वस्त पॅकमध्ये हीच काटकसर केलेली असते, त्यामुळे एएचबरोबर हा आकडाही विचारा.

जागेचं म्हणाल तर दोघींनाही सावली द्या. लेड ॲसिडचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली ट्युब्युलर म्हणूनच लवकर जाते. लिथियमही उष्णतेने म्हातारी होते, फक्त इतक्या वेगाने नाही. मात्र शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही, आत धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. बर्फ पडतो अशा ठिकाणी बॅटरी घराच्या आत ठेवायची सोय नसेल तर मी अजूनही लेड ॲसिडच सुचवेन.

पैशाचा हिशोब तुमच्याकडच्या भावाने तुम्हीच करा, पद्धत सांगतो. किमतीला एएचने भागू नका, आयुष्यभरात बॅटरीतून किती युनिट निघतील त्याने भागा. तुमच्या वापरात रोज २.३ युनिट. ट्युब्युलर जोडी चार वर्षं धरली तर ३,३०० च्या आसपास युनिट, आणि तुमचाच अनुभव बघता शेवटचं वर्ष लंगडत. लिथियम दहा वर्षं धरली तर ८,४०० युनिट. दहा वर्षांत रोज एक म्हणजे साडेतीन हजारांच्या वर सायकल झाल्या, तेही दर वेळी ६० टक्केच रिकामी करून, ते तिला झेपतं. म्हणजे १५० एएचचा लिथियम पॅक ट्युब्युलर जोडीच्या अडीचपट किमतीपर्यंत मिळत असेल तर बरोबरी झालीच. वर पाणी टाकणं नाही आणि रोजचे वाचलेले ०.६ युनिट आहेत. इन्व्हर्टर बदलावा लागला तर ती किंमत लिथियमच्या खात्यात घाला आणि मग परत भागाकार करा. वॉरंटी किती वर्षांची आहे यापेक्षा त्यात किती सायकल किंवा किती युनिट लिहिलेत आणि किती टक्के क्षमता उरण्याची हमी आहे ते वाचा.

हाच भागाकार दुसऱ्या घरात उलटा येतो. जिथे वीज महिन्यातून दोन-चार वेळाच जाते, बाकी वेळ बॅटरी भरून नुसती उभी असते, तिथे लेड ॲसिडला सल्फेशनचं कारणच नाही, ती पूर्ण भरलेली राहण्यात सुखी असते. तिथे दहा वर्षांत ५०० सायकलही होणार नाहीत आणि लिथियमच्या हजारो सायकल कागदावरच राहतील. अशा घराला मी ट्युब्युलरच सांगतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. तुमचं घर तसं नाही, तुम्ही रोज रात्री दोन युनिट काढताय.

काही कारणाने ट्युब्युलरच घ्यावी लागली तर निदान परत तेच होऊ देऊ नका. १५० ऐवजी २०० एएचची जोडी घ्या म्हणजे रोजचा उपसा ५० टक्क्यांच्या खाली येईल, पॅनल अर्धा किलोवॅटने वाढवा, आणि आठवड्यातून एकदा घरच्या लाइनवरून रात्रभर चार्ज करून पूर्ण भरा, सोलरला जो वेळ मिळत नाही तो तिथून द्या. महिन्यातून एकदा उकळवण्याचं चार्जिंग आणि त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, आधी नाही. आधी पाणी भरलं तर उकळताना ॲसिड वरून बाहेर येतं.

जुन्या दोन्ही बॅटऱ्या ॲसिडसकट परत द्या, वजन कमी करायला ॲसिड गटारात ओतून नेऊ नका. आतलं शिसं जवळजवळ पूर्ण परत वापरलं जातं म्हणून मोडीला त्यांचे बरे पैसे येतात, तेही हिशोबात लिथियमच्या किमतीतून वजा करा. लिथियम फॉस्फेटच्या कॅथोडमध्ये कोबाल्ट-निकेलसारख्या महाग धातूंऐवजी लोखंड आणि फॉस्फेट असल्याने दहा वर्षांनी तिच्या मोडीला तेवढा भाव येईल अशी आशा ठेवू नका.